बाराव्या महिन्याला न आलेल्या १२० जणी: कम्प्लीट केस की मल्टिपल इम्प्युटेशन, एक प्रकरण

आधीच सांगतो, खालचं प्रकरण मी शिकवायला म्हणून रचलंय. आकडे रचलेले आहेत, आणि मुद्दाम असे रचलेत की कागद-पेन घेऊन कुणालाही पडताळता यावेत. चुका मात्र रचलेल्या नाहीत. सायकियाट्रीच्या रेसिडेंट लोकांच्या थिसिसमध्ये मदत करताना या चुका मी इतक्यांदा पाहिल्यात की एकदा नीट, पूर्ण, एका जागी लिहून काढावं असं वाटलं.

तर चित्र असं. सोलापुरातल्या विडी कामगार बायका, ४०० जणी, सगळ्यांना सुरुवातीला डिप्रेशनचं निदान झालेलं आणि उपचार सुरू केलेले. नोंदणी डिसेंबर-जानेवारीत झाली. प्रश्न सरळ आहे: घरात रोज दारू पिणारं कुणी असेल (बहुतेक घरात नवराच) तर वर्षभराने बाईचं डिप्रेशन शिल्लक असण्याची शक्यता जास्त असते का? मोजमाप पीएचक्यू-९ चं, म्हणजे नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३, एकूण ० ते २७, आणि १० किंवा जास्त आलं की डिप्रेशन आहे असं धरायचं. मोजणी तीनदा: सुरुवातीला, सहा महिन्यांनी, बारा महिन्यांनी.

सहा महिन्यांची मोजणी घरोघरी जाऊन झाली. वस्तीत दुपारी विड्या वळत बसलेल्या बायकांच्या शेजारी बसून, मराठी नाहीतर तेलुगूत प्रश्न विचारून, फॉर्म भरले गेले, त्यामुळे सगळ्या ४०० जणींचा स्कोअर मिळाला. बारा महिन्यांच्या वेळी घरोघरी जायचे पैसे संपले होते, म्हणून बायकांना ओपीडीत बोलावलं. एक दिवसाची विडी बुडवून, रिक्षाचे पैसे घालून, तासभर लाइनीत बसायला कोण येणार? वर तो डिसेंबर-जानेवारीचा काळ, काही घरं ऊसतोडीला गेलेली, मधेच गड्ड्याची यात्रा. २८० जणी आल्या, १२० आल्या नाहीत. म्हणजे ३० टक्के गायब.

पहिलं उत्तर: ज्या आल्या त्यांच्यावरच

रेसिडेंट मॅडमनी जे सगळे करतात तेच केलं, ज्यांचा बाराव्या महिन्याचा स्कोअर आहे तेवढ्याच घेतल्या. याला कम्प्लीट केस अ‍ॅनालिसिस म्हणतात आणि खरं तर हा निर्णय बऱ्याचदा माणूस घेतच नाही, सॉफ्टवेअर घेतं, कारण रिग्रेशन चालवलं की रिकामी रांग ते गुपचूप गाळून टाकतं. आउटपुटच्या एका कोपऱ्यात किती गाळल्या ते लिहिलेलं असतं, पण तिकडे नजर जात नाही.

दारू असलेल्या घरातल्या १६० बायकांपैकी ९० आल्या, त्यातल्या ३४ जणींना डिप्रेशन, म्हणजे ३७.८ टक्के. दारू नसलेल्या घरातल्या २४० पैकी १९० आल्या, त्यातल्या ५४ जणींना, म्हणजे २८.४ टक्के. फरक ९.४ टक्के-पॉइंट.

परीक्षकांनी मार्जिनमध्ये लिहिलं, "मिसिंग डेटाचं काय केलं? मल्टिपल इम्प्युटेशन करा." मग मॅडमनी मल्टिपल इम्प्युटेशन केलं. त्यात दारू, वय, शिक्षण आणि बाराव्या महिन्याचा स्कोअर एवढेच व्हेरिएबल घातले, म्हणजे जे शेवटच्या मॉडेलमध्ये होते तेवढेच. उत्तर आलं जवळपास ९.४. आणि थिसिसमध्ये वाक्य गेलं की दोन्ही पद्धतींनी सारखंच उत्तर आल्यामुळे निष्कर्ष भक्कम आहे.

हे वाक्य चुकीचं आहे. ते किती ठिकाणी छापून येतं ते पाहून मला खरंच वाईट वाटतं, कारण लिहिणाऱ्याने प्रामाणिकपणे काम केलेलं असतं.

सारखं उत्तर का आलं ते बघा. इम्प्युटेशन म्हणजे जादू नाही, ते आहे त्या माहितीतूनच अंदाज भरतं. तुम्ही त्याला सांगितलं की बाई कुठल्या घरातली, वय किती, शिकली किती. मग दारूच्या घरातल्या ७० गैरहजर बायकांसाठी ते कुणाकडे बघणार? त्याच घरांतल्या हजर ९० बायकांकडे. त्यांच्यात ३७.८ टक्के, म्हणून गैरहजर बायकांतही साधारण ३७.८ टक्केच भरले जाणार. दुसऱ्या बाजूलाही तसंच. म्हणजे हजर बायकांचीच गोष्ट गैरहजर बायकांच्या तोंडी घातली आणि मग दोन्ही गोष्टी जुळल्या म्हणून समाधान मानलं. एकच साक्षीदार दोनदा उभा केला. फक्त आउटकम मिसिंग असेल आणि इम्प्युटेशनमध्ये मॉडेलबाहेरची कुठलीही माहिती नसेल तर दोन उत्तरं जुळणारच, त्यातून काही सिद्ध होत नाही.

मग गृहीतक नेमकं काय होतं

एक वाक्य सगळीकडे ऐकू येतं की कम्प्लीट केस अ‍ॅनालिसिस फक्त तेव्हाच चालतं जेव्हा डेटा पूर्णपणे योगायोगाने गायब झालेला असतो. याला एमसीएआर म्हणतात. एका टक्केवारीसाठी, म्हणजे "एकूण किती बायकांना वर्षभराने डिप्रेशन राहिलं" अशा प्रश्नासाठी, ते साधारण बरोबर आहे. पण रिग्रेशनमधल्या संबंधासाठी ते गरजेपेक्षा कडक आहे. तिथे एवढंच लागतं की मॉडेलमध्ये जे घातलंय ते लक्षात घेतल्यावर, बाई येते की नाही याचा तिच्या बाराव्या महिन्याच्या डिप्रेशनशी संबंध उरू नये.

उदाहरण देतो. समजा बायका फक्त दारूच्या घरात जास्त अडकतात म्हणून येत नाहीत, बाकी कुठलं कारण नाही. मग दारूच्या घरातून ७० आणि दुसऱ्या घरातून ५० गैरहजर, हे प्रमाण कितीही विषम असलं तरी दोन गटांतल्या टक्केवाऱ्या आपापल्या जागी बरोबरच राहतील आणि फरकही बरोबरच येईल. गैरहजेरी एका गटात दुप्पट आहे म्हणून कम्प्लीट केस लगेच फेकून द्यायचं नसतं. तिथे इम्प्युटेशन करून काही मिळत नाही, फक्त काम वाढतं.

तेव्हा मॅडमना विचारायचा प्रश्न हा होता: दारू, वय, शिक्षण सारखं असलेल्या दोन बायका घ्या, एक आली एक आली नाही, त्यांच्या आजारात फरक असेल का? आणि याचं उत्तर डेटातच पडून होतं, सहाव्या महिन्याच्या कॉलममध्ये. खाली सुधारणा झाली म्हणजे सहाव्या महिन्याचा स्कोअर १० च्या खाली.

| घर आणि सहाव्या महिन्याची स्थिती | एकूण | १२ महिन्यांनी आल्या | त्यात डिप्रेशन |
|---|---|---|---|
| दारू आहे, सुधारणा झाली | ६४ | ५० | १० |
| दारू आहे, सुधारणा नाही | ९६ | ४० | २४ |
| दारू नाही, सुधारणा झाली | १७६ | १५० | ३० |
| दारू नाही, सुधारणा नाही | ६४ | ४० | २४ |

सुधारणा झालेल्या २४० पैकी ४० आल्या नाहीत, सुधारणा न झालेल्या १६० पैकी चक्क ८० आल्या नाहीत, म्हणजे निम्म्या. आणि आलेल्यांत बघितलं तर सुधारणा झालेल्यांपैकी २० टक्क्यांना वर्षभराने डिप्रेशन होतं, सुधारणा न झालेल्यांपैकी ६० टक्क्यांना. दोन्ही धागे जोडा: ज्यांचं बरं नव्हतं त्या कमी आल्या, आणि ज्यांचं बरं नव्हतं त्यांनाच पुढे डिप्रेशन राहण्याची शक्यता जास्त. हे दोन्ही एकाच डेटात दिसलं की कम्प्लीट केसचं गृहीतक मोडलं, इथे मत-मतांतराला जागा नाही. म्हणून माझं सगळ्यांना सांगणं असतं की कुठलंही मॉडेल चालवायच्या आधी "आली / नाही आली" असा एक कॉलम करा आणि हातातल्या प्रत्येक माहितीशी तो पडताळून बघा, हे दहा मिनिटांचं काम आहे.

सायकियाट्रीत हे जास्त दिसतं कारण आजारच माणसाला घरातून उठू देत नाही. उत्साह नाही, झोप नाही, "जाऊन काय होणार" ही भावना, हे सगळं पीएचक्यू-९ चेच प्रश्न आहेत आणि तीच फॉलोअपला न येण्याची कारणं.

सहावा महिना कुठे घालायचा

इथे एक फाटा फुटतो आणि बरेच जण चुकीच्या वाटेने जातात. सहावा महिना महत्त्वाचा आहे ना, मग तो मुख्य मॉडेलमध्येच घालू आणि कम्प्लीट केसच करू, असं वाटतं. तांत्रिकदृष्ट्या त्याने गृहीतक सावरतं. पण प्रश्नच बदलतो. वरचा तक्ता परत बघा: सुधारणा झालेल्यांत दारूच्या घरात ५० पैकी १०, दारू नसलेल्या घरात १५० पैकी ३०, दोन्हीकडे २० टक्के. सुधारणा न झालेल्यांत दोन्हीकडे ४० पैकी २४, म्हणजे ६० टक्के. सहावा महिना धरला की दारूचा परिणाम शून्य! कारण या आकड्यांत दारूचा सगळा परिणाम सहाव्या महिन्यातूनच जातो, दारूच्या घरात सहा महिन्यांनी सुधारणाच कमी झालेली आहे. तो वाटेतला टप्पा आहे, त्याला बांधून ठेवलं तर पलीकडे काही पोचणार नाही.

मल्टिपल इम्प्युटेशनचा खरा उपयोग इथे आहे. सहावा महिना इम्प्युटेशनच्या मॉडेलमध्ये घालायचा, पण शेवटच्या मॉडेलमध्ये नाही घालायचा. अशा व्हेरिएबलला ऑक्झिलरी व्हेरिएबल म्हणतात. रिकाम्या जागा भरताना त्याची मदत घ्यायची आणि प्रश्न मात्र मूळचाच विचारायचा.

हाताने हिशोब करू. दारूच्या घरातल्या ६४ सुधारलेल्यांत २० टक्के म्हणजे १२.८, ९६ न सुधारलेल्यांत ६० टक्के म्हणजे ५७.६, बेरीज ७०.४, भागिले १६०, म्हणजे ४४ टक्के. दारू नसलेल्या घरात १७६ चे २० टक्के ३५.२, ६४ चे ६० टक्के ३८.४, बेरीज ७३.६, भागिले २४०, म्हणजे ३०.७ टक्के. फरक १३.३ पॉइंट. आधी ९.४ होता. आणि एकूण ४०० मध्ये डिप्रेशन ३६ टक्के येतं, कम्प्लीट केसमध्ये ८८ भागिले २८० म्हणजे ३१.४ आलं होतं.

मल्टिपल इम्प्युटेशन मूळ विचारात हेच करतं, फक्त ते एकच आकडा भरून थांबत नाही. प्रत्येक गैरहजर बाईसाठी शक्य असलेले वेगवेगळे स्कोअर भरून डेटाच्या अनेक प्रती बनवतं, प्रत्येक प्रतीवर तुमचं रिग्रेशन चालवतं आणि मग उत्तरं एकत्र करतं. एकत्र करायचा नियम डोनाल्ड रुबिन यांचा आहे. एकूण अनिश्चिततेत दोन हिस्से असतात: एक प्रत्येक प्रतीच्या आतली नेहमीची, आणि दुसरी प्रती-प्रतींमधल्या उत्तरांच्या फरकाची. हा दुसरा हिस्सा म्हणजे "आम्हाला हे आकडे खरं तर माहीत नव्हते" याची किंमत. एकदाच भरून पुढे गेलं तर ही किंमत बुडवली जाते आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल खोटा अरुंद होतो.

आर मध्ये `mice` वापरून एवढंच लागतं:

```r
library(mice)
vars <- c("daru", "vay", "shikshan", "phq0", "phq6", "phq12")
imp <- mice(d[, vars], m = 40, method = "pmm", seed = 413)
fit <- with(imp, glm(I(phq12 >= 10) ~ daru + vay + shikshan,
                     family = binomial))
summary(pool(fit), conf.int = TRUE)
```

यात काही गोष्टी सहज नजरेतून सुटतात. `phq6` इम्प्युटेशनमध्ये आहे पण `glm` मध्ये नाही, हेच सगळ्या प्रकरणाचं मर्म. स्कोअर आधी भरला जातो आणि १० ची रेष नंतर मारली जाते, कारण आधीच हो-नाही करून टाकलं तर ९ आणि १ मधला फरक पुसला जातो (वरचा हाताचा हिशोब मी समजायला सोपा जावा म्हणून हो-नाही मध्ये केलाय, कोडचं उत्तर त्याहून थोडं इकडे-तिकडे येणार, शिवाय `glm` ऑड्स रेशो देतं, टक्के-पॉइंट नाही). `pmm` मुळे भरलेले स्कोअर खऱ्या दिसलेल्या स्कोअरपैकीच असतात, ३१ किंवा उणे २ असं काही येत नाही. आणि प्रती ४० का? ढोबळ नियम असा की जितके टक्के बायकांची माहिती अपुरी, निदान तितक्या प्रती. इथे ३० टक्के, म्हणून ४० पुरतात. जुन्या पुस्तकांत ५ प्रती दिसतात, आता कॉम्प्युटरला ४० काही जड नाहीत.

अजून एक. मॅडमच्या गाईड सरांनी सुचवलं होतं की बारावा महिना नसेल तर सहाव्या महिन्याचाच स्कोअर पुढे ओढा. जुन्या औषध-चाचण्यांत ही पद्धत खूप वापरली गेली, म्हणून ज्येष्ठ लोकांच्या हाताला ती बसलेली आहे, त्यात सरांचा दोष नाही. पण या डेटात काय होतं बघा: दारूच्या घरातल्या ५६ गैरहजर न-सुधारलेल्या बायका सगळ्याच्या सगळ्या आजारी धरल्या जातात आणि १४ सुधारलेल्या सगळ्या बऱ्या धरल्या जातात. मग ३४ अधिक ५६, म्हणजे ९० भागिले १६०, ५६.३ टक्के. दुसऱ्या बाजूला ५४ अधिक २४, म्हणजे ७८ भागिले २४०, ३२.५ टक्के. फरक २३.८ पॉइंट! हजर बायकांत न-सुधारलेल्यांपैकी ४० टक्के पुढच्या सहा महिन्यांत बऱ्या झालेल्या दिसतात, तो पुरावा समोर असताना गैरहजरांपैकी एकही बरी झाली नाही असं कसं धरायचं?

इंटरव्हल अरुंद होत नाही म्हणून निराश होऊ नका

मॅडमना वाटलं होतं की इम्प्युटेशनने ४०० चा डेटा झाला, आता इंटरव्हल आवळेल. कम्प्लीट केसचा ९५ टक्के इंटरव्हल साधारण उणे २.५ ते २१ पॉइंट. सहाव्या महिन्यासकटचा, चारही गट वेगळे धरून हाताने काढला तर साधारण १ ते २६. म्हणजे रुंदी थोडी वाढलीच. कारण उघड आहे, दारूच्या घरातल्या न-सुधारलेल्या ९६ बायकांच्या वतीने फक्त ४० जणी बोलतायत, आणि त्यांचं वजन आता जास्त झालंय. आउटकम मिसिंग असताना इम्प्युटेशनचं काम नेम सुधारायचं, नवीन माणसं ते आणू शकत नाही.

आणि इथे एक मोह होतो, तो टाळाच. एक इंटरव्हल शून्य ओलांडतो, दुसरा ओलांडत नाही, म्हणून "कम्प्लीट केसमध्ये संबंध नाही, इम्प्युटेशनमध्ये आहे" असं लिहायचं नाही. दोन्ही इंटरव्हल एकमेकांवर जवळजवळ पूर्ण चढलेले आहेत. पद्धत निवडायची ती गृहीतक पटतं का यावर, आणि ती शक्यतो प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहून ठेवायची, पी-व्हॅल्यू बघून नाही.

आता जे डेटा सांगू शकत नाही ते

१३.३ हे उत्तर एका गृहीतकावर उभं आहे: दारू, वय, शिक्षण, सुरुवातीचा आणि सहाव्या महिन्याचा स्कोअर सारखा असेल तर, आलेल्या आणि न आलेल्या बायकांत बाराव्या महिन्याच्या आजाराबाबत फरक नाही. याला एमएआर म्हणतात, ही विभागणीही रुबिन यांच्या १९७६ च्या लेखापासूनची. कम्प्लीट केसचं गृहीतक आपण सहाव्या महिन्याने तपासू शकलो. हे गृहीतक मात्र हातातल्या डेटाने तपासता येत नाही, कुठल्याच टेस्टने नाही, कारण तपासायला लागणारा आकडा म्हणजे गैरहजर बाईचा बाराव्या महिन्याचा स्कोअर, आणि तोच तर नाहीये.

म्हणून मी फिल्डवर फिरणाऱ्या ताईंना विचारावं असं सांगतो. या प्रकरणात त्यांचं बोलणं असं धरा: "सर, सहाव्या महिन्याला बऱ्या होत्या आणि नंतर आल्या नाहीत, त्यातल्या काही खरंच बऱ्या आहेत ओ, कामाला लागल्यात, त्यांना ओपीडीची गरजच वाटत नाही. पण ज्यांच्या घरात मधल्या काळात परत मारहाण सुरू झाली त्या पण आल्या नाहीत, त्यांना बाहेरच पडू देत नाहीत." दोन्ही दिशा आहेत. दुसरी गोष्ट सहाव्या महिन्यानंतर घडलेली, म्हणजे आपल्या कुठल्याच कॉलममध्ये नाही. एमएआर इथे तुटू शकतं, आणि मग कम्प्लीट केस तर तुटतंच, मल्टिपल इम्प्युटेशनही तुटतं.

अशा वेळी करायचं काम म्हणजे गृहीतक थोडं थोडं ढकलून बघायचं, याला डेल्टा अ‍ॅडजस्टमेंट म्हणतात. समजा गैरहजर बायकांत डिप्रेशनचे ऑड्स, म्हणजे डिप्रेशन असलेल्या भागिले नसलेल्या, एमएआरने सांगितले त्याच्या दुप्पट आहेत. मग सुधारलेल्यांत २० टक्क्यांचे ३३.३ होतात, न-सुधारलेल्यांत ६० चे ७५ होतात. दारूच्या घरात एकूण ५०.४ टक्के, दुसऱ्या घरात ३३.६, फरक १६.८. उलटं, ऑड्स निम्मे धरले तर २० चे ११.१ आणि ६० चे ४२.९ होतात, दारूच्या घरात ३७.२, दुसऱ्या घरात २८, फरक ९.२, आणि एकूण डिप्रेशन ३१.७ टक्के.

हे शेवटचे आकडे परत वाचा. ३७.२, २८, ३१.७. कम्प्लीट केसचे होते ३७.८, २८.४, ३१.४. म्हणजे कम्प्लीट केस अ‍ॅनालिसिस करणारा माणूस "मी काही गृहीत धरत नाही, आहे तोच डेटा वापरतो" असं म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात तो साधारण हे गृहीत धरत असतो की न आलेल्या बायका, सहाव्या महिन्याला तितक्याच आजारी असलेल्या आणि आलेल्या बायकांपेक्षा निम्म्या ऑड्सने आजारी आहेत. असं समोर मांडलं की ओपीडीत काम केलेला कुणीही सायकियाट्रिस्ट म्हणेल, हे मला पटत नाही. आणि पटत असेल तर त्याने तसं लिहावं, चालेल, पण लिहावं.

दोन्ही गटांना सारखंच ढकलून थांबू नका. निष्कर्ष खरा डळमळतो तो गट वेगवेगळे ढकलल्यावर. दारूच्या घरातल्या गैरहजर बायकांचे ऑड्स निम्मे आणि दुसऱ्या घरातल्यांचे दुप्पट धरले तर ३७.२ वजा ३३.६, फरक फक्त ३.६ उरतो. तो तसा घडायला दारूच्या घरातल्या गैरहजर बायका अपेक्षेपेक्षा बऱ्याच बऱ्या आणि बाकीच्या अपेक्षेपेक्षा बऱ्याच आजारी असायला हव्यात, आणि ताईंचं मारहाणीचं बोलणं नेमकं उलट दिशेचं आहे. पण हे ठरवणं वाचकावर सोडायचं, तक्ता द्यायचा.

`mice` मध्ये हे करायला `post` नावाचं आर्ग्युमेंट आहे, त्यात भरलेल्या `phq12` मध्ये १, २, ३ असे पॉइंट मिळवता येतात. स्कोअरच्या पॉइंटमध्ये बोललं की डॉक्टरांना पटकन कळतं, "गैरहजर बाई तशाच हजर बाईपेक्षा २ पॉइंटने जास्त आजारी" हे डोळ्यासमोर येतं, ऑड्स येत नाहीत.

दोन गोष्टी मी या प्रकरणात मुद्दाम बाजूला ठेवल्या. पहिली, १२० पैकी कुणी मेलेलं नाही असं धरलंय. खऱ्या कोहॉर्टमध्ये असं धरू नका. गेलेल्या बाईचा स्कोअर मिसिंग नसतो, तो अस्तित्वातच नसतो, आणि इम्प्युटेशनने तिच्या नावावर पीएचक्यू ७ भरणं चुकीचंच. त्यातला मृत्यू आत्महत्येचा असेल तर तो स्वतःच आउटकम आहे, तो वेगळा मोजायचा, वेगळा सांगायचा. दुसरी, नववा प्रश्न, जीव द्यावासा वाटतो का हा. सासू शेजारी बसलेली असताना ताई तो विचारतच नाहीत, कॉलम रिकामा राहतो, आणि डेटा भरणारा रिकाम्या जागी शून्य टाकतो. हे शून्य मिसिंग म्हणून दिसतच नाही, त्यामुळे कुठलीच पद्धत ते पकडू शकत नाही. रिकामं ते रिकामंच भरायला शिकवा, आणि तो प्रश्न विचारायला एकांत मिळेल असं बघा, स्कोअरसाठी नाही तरी त्या बाईसाठी.

मॅडमच्या थिसिसमधला परिच्छेद शेवटी असा झाला: "४०० पैकी १२० सहभागींचा बाराव्या महिन्याचा स्कोअर मिळाला नाही. सहाव्या महिन्याला सुधारणा न झालेल्यांत अनुपस्थिती ५० टक्के, झालेल्यांत १७ टक्के होती, त्यामुळे कम्प्लीट केसचं गृहीतक आम्ही मान्य केलं नाही, त्याचं उत्तर तुलनेसाठी दिलं आहे. मुख्य विश्लेषण मल्टिपल इम्प्युटेशन, ४० प्रती, सहाव्या महिन्याचा स्कोअर ऑक्झिलरी. गृहीतक: दारू, वय, शिक्षण, सुरुवातीचा व सहाव्या महिन्याचा स्कोअर विचारात घेता अनुपस्थितीचा बाराव्या महिन्याच्या स्कोअरशी संबंध नाही. हे तपासता येत नाही. सहाव्या महिन्यानंतरच्या घरगुती हिंसेमुळे ते मोडलेलं असण्याची शक्यता आहे, म्हणून दोन्ही गट वेगवेगळे ढकलून उत्तरं तक्त्यात दिली आहेत."

आणि १२० मधून चिठ्ठ्या टाकून २० नावं काढली, ताई त्यांच्या घरी जाणार आहेत. वीसच स्कोअर मिळतील, पण डेल्टा किती धरायचा याचा अंदाज तेवढ्यानेही बांधता येतो, आणि यादीतलं पहिलं घर दारूच्या गटातलं, सहाव्या महिन्याचा स्कोअर १६ असलेलं आहे.